मशीनमध्ये जाणारा स्वेटर: ॲक्रिलिक, मेरिनो की सुती?

भाचीने एकच अट घातली होती. "मावशी, स्वेटर नक्की कर, पण तो बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेला पाहिजे. वेगळा भिजवा, हाताने हलकेच दाबा, हे मला आत्ता जमणार नाही." तान्हं बाळ घरात असलेल्या आईची ही अट इतकी रास्त होती की त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

एरवी मी आधी रंग आणि नमुना ठरवते, धागा त्या मागून येतो. या वेळी धुण्यापासून सुरुवात करावी लागली. स्वेटर साधाच ठरला: समोरून उघडा, बटणांचा, सहा महिन्यांच्या बाळाला थोडा सैल होईल असा. धाग्याची जाडी डीके, म्हणजे 4 मिमीच्या सुयांवर 10 सेंमीत साधारण 22 टाके बसतील अशी. या जाडीत ॲक्रिलिक, मेरिनो आणि सुती असे तिन्ही धागे सहज मिळतात, त्यामुळे एकच आकृती तिघांवर पडताळून पाहता येते. मी तिन्हींचा एकेक गुंडा आणला. चौथा गुंडा मेरिनोचाच, पण लोकर मशीनमध्ये आकसू नये म्हणून करतात ती 'सुपरवॉश' प्रक्रिया न केलेला. त्याचं काय होणार हे मला माहीत होतं, पण भाचीला ते डोळ्यांनी दाखवायचं होतं. विणणारी प्रत्येक बाई एकदा तरी ऐकते, "लोकर आहे ना, मग थंड पाण्यात धुतली की झालं". तेवढ्याने होत नाही.

आधी मऊपणाबद्दल. गुंडा हातात घेऊन बोटांनी चुरगाळला तर चारांतला सर्वांत मऊ ॲक्रिलिकचा वाटला. फुगीर, हलका, दाबला की परत वर येणारा. ही फुगीरता कारखान्यातच धाग्यात घातलेली असते. आधी ताणून ठेवलेले तंतू आणि न ताणलेले तंतू एकत्र कातायचे, मग वाफ द्यायची. ताणलेले तंतू आखडतात, बाकीचे त्यांच्याभोवती कमानीसारखे उभे राहतात आणि धागा फुगतो. त्यावर पुन्हा मऊपणासाठी एखादा लेप दिलेला असतो. दुकानात बोटांना जाणवतो तो मऊपणा बराचसा याचा असतो.

पण बोटं या बाबतीत चांगली साक्षीदार नाहीत. लोकर टोचते ती तंतूंच्या टोकांमुळे. कापडातून बाहेर डोकावणारं टोक जाड असेल तर त्वचेवर दाबलं गेल्यावर ते वाकत नाही, उलट त्वचेलाच दाबतं, आणि त्वचेखालच्या नसांना ते खुपतं. बारीक टोक आधीच वाकतं, म्हणून जाणवत नाही. ही सीमा साधारण 30 मायक्रॉनच्या आसपास आहे. त्याहून जाड तंतूंचं प्रमाण शेकडा पाचच्या वर गेलं की बहुतेकांना कापड टोचू लागतं. आता गंमत अशी की ही टोचण बोटांच्या पेरांना आणि तळहाताला जवळजवळ कळतच नाही. ती कळते जिथे त्वचेवर बारीक लव असते तिथे. म्हणजे मानेला, मनगटाच्या आतल्या बाजूला, गालाला. धागा चाचपून "मऊ आहे" म्हणणारी बोटं टोचण्याबद्दल काहीच सांगत नसतात.

म्हणून मी प्रत्येक धाग्याचा एक चौकोनी तुकडा नमुना म्हणून विणला आणि हे नमुने एकेक करून मानेच्या कडेला, ब्लाउजच्या गळ्यात खोचून ठेवले आणि घरातली कामं करत राहिले. दोन मिनिटं लावून पाहण्यात अर्थ नसतो. थोडा घाम आला, मान हलली, की खरं काय ते कळतं. मेरिनोच्या गुंड्यावर 19.5 मायक्रॉन छापलेलं होतं, आणि तो अजिबात टोचला नाही. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉनचा असतो हे लक्षात घेतलं तर हा तंतू किती बारीक आहे याची कल्पना येईल. ॲक्रिलिकही टोचला नाही, पण त्या जागी मान ओलसर, चिकट वाटू लागली. सुती नमुना गार लागला आणि नंतर त्याचं अस्तित्वच विसरायला झालं. फक्त त्याची सुरुवातीची कड, जिथे टाके घातले होते तिथे, एखाद्या दोरीसारखी कठीण लागत होती. तीन धाग्यांमधला खरा फरक मला इथे सापडला: टोचण्याच्या कसोटीला तिघेही उतरतात, पण प्रत्येकाची त्रासदायक जागा वेगळी आहे.

बाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्वेटर बहुतेक वेळा झबल्यावर चढतो. म्हणजे तो त्वचेला लागतो फक्त गळ्याला, हनुवटीखाली आणि मनगटांना. छातीवरचा भाग कितीही मऊ असला तरी गळ्याची पट्टी कडक असेल तर बाळाच्या लेखी तो स्वेटर कडकच. शिवाय बाळ हनुवटी खाली करून लाळ गाळतं, तीही याच पट्टीवर. त्यामुळे मऊपणा बघायचा तो ओल्या, घासल्या गेलेल्या, वारंवार धुतलेल्या गळ्याचा.

नमुने मी मोठे विणले. 30 टाके, 40 ओळी, चारही कडांना थोडी सुलट विण, म्हणजे कडा वळत नाहीत आणि मोजणी मधल्या भागावर नीट करता येते. मोजायच्या जागेच्या चार कोपऱ्यांना वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून खूण केली, कारण धुतल्यावर कापडाच्या कडा फसवतात पण खुणा फसवत नाहीत. सुती धाग्याला मला 4 मिमीऐवजी 3.75 मिमीच्या सुया घ्याव्या लागल्या. सुती धागा ताणला जात नाही, त्यामुळे टाके मोठे राहतात आणि विण विस्कळीत दिसते. हातालाही तो थकवतो. लोकरीचा धागा सुईवर ओढताना थोडा देतो, परत घेतो. सुती धागा काहीच देत नाही, तो सगळा ताण मनगटाला सोसावा लागतो. बाळाचा एवढासा स्वेटर म्हणून चालून जातं.

न धुतलेल्या नमुन्यांची मापं जवळजवळ सारखी होती. 30 टाक्यांची रुंदी 13.6 सेंमीच्या आसपास, 40 ओळींची उंची 14 सेंमीच्या आसपास. मग भाचीच्या घरी जसं धुतलं जातं तसंच ते धुतले: 40 अंशांवर, नेहमीची पावडर, बरोबर जीन्स आणि टॉवेल. जीन्स मुद्दाम घातली, कारण घासल्याशिवाय कापडाचा स्वभाव बाहेर पडत नाही.

प्रक्रिया न केलेला मेरिनो पहिल्याच धुण्यात गेला. बाहेर निघाला तो 10 सेंमीच्या आतबाहेरचा, जाड, ताठ तुकडा. टाके मोजता येईनात. भाचीने तो हातात धरून ओढून पाहिला आणि म्हणाली, "हा एवढा स्वेटर मी बाहुलीला घातला असता." लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे खवले असतात, सगळे एकाच दिशेला टोक केलेले. तंतू एका दिशेला सहज सरकतो, उलट दिशेला अडकतो. पाणी, ऊब आणि हालचाल मिळाली की तंतू एकमेकांत सरकत जातात आणि मागे येऊ शकत नाहीत. म्हणून हे आकसणं कायमचं असतं, ओढून ते सुटत नाही. यातला खरा गुन्हेगार हालचाल आहे. गार पाण्यातही मशीनने घुसळलं तर लोकर जमते, आणि कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवली तर काही होत नाही. एका वेळी गरम आणि एका वेळी गार पाणी वापरणं तर आणखी वाईट. "थंड पाण्यात धुतली की झालं" या समजुतीला म्हणूनच अर्थ नाही.

सुपरवॉश मेरिनोत हे खवले क्लोरीनच्या प्रक्रियेने गुळगुळीत करतात आणि वर पॉलिमरचा बारीक थर देतात. तंतू एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून जमत नाहीत. माझा नमुना मशीनमधून तसाच्या तसा बाहेर आला. उलट अधिक मऊ झाला होता. कारखान्यातली तेलं निघून गेली, धागा फुलला, टाके एकसारखे दिसू लागले. पण माप घेतलं तर 13.6 चे 14.3 सेंमी झाले होते आणि उंची 14 ची 15. जे खवले जमण्याला जबाबदार असतात, तेच विणीला धरूनही ठेवतात. ते गेले की ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने पसरतो. सुपरवॉशच्या बाबतीत ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, 'धुतला आणि ढगळ झाला'. नमुना धुऊन मोजला असेल तर ती तक्रार राहत नाही, नुसतं गणित उरतं. ते पुढे येतंच.

सुती नमुना रुंदीला 13.7 चा 13.9 झाला आणि उंचीला 14.2 चा 13.5. कारखान्यात धागा ताणून गुंडाळलेला असतो, पाण्यात तो ताण सुटतो, आणि म्हणून उंची कमी होते. ड्रायरमध्ये टाकला तर आणखी थोडी. पुढच्या धुण्यांत फारसा बदल दिसला नाही. कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे मशीन, गरम पाणी, रगडणं, काहीही त्याला चालतं. धुण्याच्या बाबतीत तिघांत निर्धास्त हाच. त्याची अडचण वेगळीच आहे, ती बॉर्डरीत दिसते. एक सुलट एक उलट अशी पट्टी विणून मी ती एका बरणीवर चढवून ठेवली, तिघांचीही. काढल्यावर मेरिनोची पट्टी लगेच आखडली, ॲक्रिलिकची थोड्या वेळाने जवळपास जाग्यावर आली, सुती पट्टी मात्र बरणीच्या मापाचीच राहिली. धुतल्यावर परत आखडली, पण एकदा घातली की पुन्हा सैल. बाळाच्या मनगटावर सुती बॉर्डर म्हणजे दुपारपर्यंत बाही हाताच्या खाली लोंबणार आणि ती तोंडात जाणार.

ॲक्रिलिकच्या मापात काहीच फरक पडला नाही. 13.6 चे 13.5. हे पाहून भाची लगेच म्हणाली, "मग हाच घे की." खरं सांगायचं तर तिथवर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

पण धुणं चालू ठेवलं, आठवड्याच्या कपड्यांबरोबर तिन्ही नमुने जात राहिले, तसं चित्र बदललं. ॲक्रिलिकवर गोळे धरू लागले, विशेषतः जीन्सला घासलेल्या बाजूवर. लोकरीवरही गोळे येतात, पण लोकरीचा तंतू नाजूक असतो, गोळा काही दिवसांनी तुटून पडतो. ॲक्रिलिकचा तंतू चिवट, तो गोळ्याला कापडाशी बांधून ठेवतो. त्यामुळे गोळे फक्त वाढत जातात. बगलेत आणि हनुवटीखाली, म्हणजे नेमकं जिथे घासलं जातं तिथे. वरचा लेपही धुण्यात निघून गेला होता, आणि बोटं फिरवताना कापड थोडं किरकिरल्यासारखं लागत होतं. नवा असताना तिघांत मऊ असलेला नमुना आता तिघांत खरखरीत होता. सुती मधेच होता. पहिल्या काही धुण्यांत तो मऊ झाला, मग नुसता वाळत घातला की कडक व्हायचा आणि झटकून, चुरगाळून घेतला की पुन्हा नरम. मेरिनो सर्वांत मऊ राहिला. सगळेच ॲक्रिलिक इतक्या लवकर गोळे धरतात असं मी म्हणणार नाही. घट्ट पिळाचा, तीन-चार पदरी ॲक्रिलिक बराच टिकतो. सैल पिळाचा, एकाच जाड पदराचा आणि म्हणूनच हाताला फार मऊ लागणारा धागा कोणत्याही तंतूचा असो, गोळे तोच जास्त धरतो.

ॲक्रिलिकचं आणखी एक वैशिष्ट्य मी मुद्दाम तपासून पाहिलं. नमुन्याचा अर्धा भाग झाकून उरलेल्या अर्ध्यावर वाफेची इस्त्री धरली, टेकवली नाही, नुसती वर धरली. तो भाग लुळा पडला. टाके चपटे, किंचित चकचकीत, आणि ताणला तर परत येईना. ओल्या उष्णतेत ॲक्रिलिक मऊ पडतो आणि त्या अवस्थेत जसा ताणला जाईल तसाच थंड होऊन बसतो. परतीचा मार्ग नाही. 40 अंशांच्या धुण्यात हा धोका नाही, पण फार गरम पाण्यात धुऊन पिळला, किंवा ड्रायर सर्वांत गरम ठेवला, तर स्वेटर लांबतो आणि बॉर्डर ढिली पडते. आजी-पणजी विणलेला स्वेटर ओला करून वर इस्त्री फिरवायच्या, ती लोकरीची पद्धत. ॲक्रिलिकला ती लागू करू नये. आगीच्या जवळही ॲक्रिलिक वितळतो, लोकर सहज पेटत नाही. शेगडी किंवा हीटरजवळ बाळाला घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एवढ्यावरून मेरिनो ठरला असं वाटेल. पण खरी अडचण दुधाची होती.

बाळ दूध काढतं. रोज, आणि नेहमी गळ्यावरच. दूध म्हणजे प्रथिन, आणि प्रथिनाचे डाग काढायला धुण्याच्या बहुतेक पावडरींमध्ये प्रोटीएज नावाचं एन्झाइम असतं, जे प्रथिनाचे तुकडे करतं. लोकरही प्रथिनच आहे, केराटिन. ते एन्झाइम दूध आणि स्वेटर असा भेद करत नाही. एकदोन धुण्यांत काही दिसत नाही, पण हळूहळू लोकर पातळ, भुरभुरीत होत जाते आणि शेवटी गळ्याशी किंवा कोपरावर भोक पडतं. सुपरवॉशचा शिक्का खवल्यांबद्दल आहे, या झिजेपासून तो वाचवत नाही. माझ्या मेरिनोच्या नमुन्यावर बरीच धुणी झाल्यावर खूण केलेल्या एका कोपऱ्याशी धागा इतका बारीक झाला होता की उजेडाला धरल्यावर तिथे विण विरळ दिसत होती. त्यावर मी दुधाचे डाग मुद्दाम टाकून वाळवले होते आणि नेहमीच्या पावडरीत रात्रभर भिजवले होते, म्हणून इतक्या लवकर दिसलं. पण आई दुसरं काय करते? डाग पडला की पावडरीत भिजवते.

मी भाचीला तो कोपरा दाखवला. "म्हणजे शेवटी वेगळं धुवायचंच," ती म्हणाली.

वेगळं नाही, पण पावडर बदलावी लागेल. लोकरीसाठीचं द्रव साबण घ्यायचं आणि त्याच्या घटकांत प्रोटीएज नाही हे वाचून बघायचं. नुसतं 'नाजूक कपड्यांसाठी' असं लिहिलेलं पुरत नाही. बाळाचे बाकीचे कपडेही त्याच साबणात धुतले तरी काही बिघडत नाही, फक्त दुधाचे डाग निघण्यासाठी एक काम आधी करावं लागतं: दूध पडलं की लगेच, ओलं असताना, गार पाण्याखाली धरायचं. गरम पाण्याने दुधातलं प्रथिन गोठतं आणि तंतूला चिकटून बसतं, मग ते निघायला कठीण जातं. वाळलेला डाग असेल तर गार पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, न चोळता. हाताला काम अर्ध्या मिनिटाचंच आहे, आणि ते तीनही धाग्यांना लागू आहे. सुती आणि ॲक्रिलिकवर मात्र त्यानंतर नेहमीची पावडर बिनधास्त चालते. जिच्या घरी साबण बदलणं शक्य नाही, किंवा बाळाचे कपडे दुसरं कुणी धुतं आणि त्याला दहा गोष्टी सांगता येत नाहीत, तिच्यासाठी मी मेरिनो विणणार नाही. ॲक्रिलिक विणेन, घट्ट पिळाचा, आणि गोळे काढायला एक छोटं यंत्र सोबत देईन.

भाची साबणाला तयार झाली. मेरिनो ठरला.

आता गणित. पट्टी सोडून छातीचा घेर मला 46 सेंमी हवा होता. न धुतलेल्या नमुन्यावरून मोजलं तर 13.6 सेंमीत 30 टाके, म्हणजे 46 सेंमीला 101 टाके. धुतलेल्या नमुन्यावरून 14.3 सेंमीत 30, म्हणजे 97 टाके. 101 घातले असते तर धुतल्यावर घेर 48 झाला असता. उंचीतला फरक जास्त बोलका आहे. बगलेपर्यंत 15 सेंमी हवे होते. न धुतलेल्या मापाने त्यासाठी 43 ओळी लागतात, पण धुतल्यावर त्या 43 ओळी 16 सेंमीच्या वर जातात. मी 40 च विणल्या. विणताना अंग आखूड दिसत होतं आणि हात आपोआप आणखी दोन ओळी घालायला बघत होता, पण आकड्यावर विश्वास ठेवला. बाहीला हाच हिशेब जास्त काटेकोर ठेवला, कारण बाही लांबली की सगळ्यात आधी लोंबते.

97 हा विषम आकडा मुद्दाम ठेवला. समोरून उघड्या स्वेटरला एक सुलट एक उलट बॉर्डर घातली की दोन्ही कडांना सुलट टाका येतो आणि पट्टी उचलायला सोपं जातं. पाठ आणि दोन्ही पुढचे भाग बगलेपर्यंत एकातच विणले, म्हणजे कडेला शिवण नाही. बाळ कुशीवर झोपतं, आणि टणक शिवण नेमकी तिथे रुतते. बॉर्डरीसाठी 3.5 मिमीच्या सुया. गळ्याची पट्टी सगळ्यात शेवटी, आणि तिचे टाके एक नंबर जाड सुईने बंद केले, सैल. गळ्याची कड घट्ट बंद केली तर धागा कितीही बारीक असला तरी ती हनुवटीला लागते. धाग्याची टोकं गळ्यापासून लांब, बगलेच्या आत जिरवली. सुपरवॉश धागा गुळगुळीत असल्याने टोकं धुण्यात निसटून बाहेर येतात, म्हणून ती एका दिशेला ओवून परत उलट दिशेला ओवली. बटणं चपटी, आणि ती शिवली पक्क्या सुती दोऱ्याने, मेरिनोच्या धाग्याने नाही. प्रत्येक धुण्यानंतर बटणं ओढून बघायला भाचीला सांगितलं आहे. बाळाच्या कपड्यावरचं ढिलं बटण ही थट्टेची गोष्ट नाही.

धागा 300 मीटरच्या आसपास लागला, वजनात 130 ग्रॅम. तोच स्वेटर ॲक्रिलिकचा झाला असता तर 105 ग्रॅमच्या आत बसला असता, सुती 140 च्या वर गेला असता. कापूस मुळातच जड आहे, आणि पाणी प्यायल्यावर तर फारच. म्हणून धागा घेताना ग्रॅम बघू नयेत, वेष्टनावर छापलेले मीटर बघावेत. 100 ग्रॅम ॲक्रिलिकच्या जागी 100 ग्रॅम सुती घेतला तर दुसऱ्या बाहीला धागा संपतो.

पहिलं धुणं आम्ही दोघींनी मिळून केलं. उलटा करून, बटणं लावून, जाळीच्या पिशवीत. 30 अंशांवर, लोकरीच्या चक्रावर, कारण त्यात ड्रम कमी फिरतो. वेष्टनावरच्या टबच्या चित्रात 40 आकडा होता आणि खाली एक रेघ, म्हणजे सौम्य चक्र. पण आकडा ही वरची मर्यादा असते, तितकं गरम करायलाच हवं असं नाही. कापड मऊ करणारं द्रव टाकलं नाही. ते तंतूवर थर देतं, सुती कपड्याची पाणी शोषण्याची ताकद कमी करतं, आणि सुपरवॉश मेरिनोला आणखी निसरडा करतं.

वाळवताना स्वेटर दोरीवर टाकला नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, पाणी उतरवलं, मग कोरड्या टॉवेलवर आडवा पसरला आणि हाताने सारखा करत घेर मोजला. अंग 46 सेंमी भरलं, बगलेपर्यंत 15 आणि थोडं वर. ते थोडं वर गेलेलं ओलं असतानाच कडा आत सरकवून बसवलं. पूर्ण ओला असताना दोरीवर टांगला असता तर हाच स्वेटर बाह्यांनी कितीतरी लांबला असता. सुपरवॉश लांबलाच तर एक उपाय उरतो: ड्रायर मंद ठेवून, किंचित ओलसर असतानाच दहा मिनिटं फिरवायचा, तो पुष्कळसा आखडून येतो. वेष्टनावर ड्रायरच्या चित्रावर फुली नसेल तरच.

उरलेल्या सुती गुंड्याचं आता बिनबाह्यांचं जाकीट करते आहे, उन्हाळ्यासाठी. बाह्याच नाहीत, त्यामुळे मनगटाच्या बॉर्डरीचा प्रश्न नाही. खालची कड एक सुलट एक उलट न ठेवता नुसती सुलट विण घातली आहे, ती सैल पडत नाही. उंचीत दर 14 सेंमीला पाऊण सेंमी जास्त धरलं आहे, आणि सुरुवातीचे टाके दोन सुयांवर एकदम घातले, म्हणजे कड दोरीसारखी होत नाही. या जाकिटाला भाची तिची नेहमीची पावडर वापरणार आहे.